इज की आर, आणि सत्तेचाळीस गावं

सोमवारी सकाळी टाइप केलेला इंग्रजी मसुदा शिवकांता बुधवारी दुपारीसुद्धा टाइपच करत होती, आणि त्यात सोमवारपासून बदललं होतं ते एवढंच, की जिथं इज होतं तिथं आर आलं होतं, मग आरचं पुन्हा इज झालं होतं, आणि आता परत आर करायचं होतं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या मिळाल्या होत्या, पण कचेऱ्यांना इमारती मिळाल्या नव्हत्या. शिवकांताची कचेरी एका अडत्याच्या रिकाम्या गोदामात भरत होती. पावसानं लागोपाठ दोन वर्षं दगा दिल्यामुळे या कचेरीत टंचाई नावाची नवी शाखा उघडली होती. पंखा एक, टेबलं पाच, आणि इंग्रजी टायपिंग येणारी माणसं किती म्हणाल, तर एकटी शिवकांता.

गुरुवारी दिल्लीहून पाहणी पथक यायचं होतं. दिल्लीला मराठी कळत नाही, म्हणून निवेदन इंग्रजीत. त्या निवेदनाला सत्तेचाळीस गावांची यादी जोडायची होती. विहिरी तळाला गेल्या आणि एक मैलाच्या आत दुसरं पाणी नाही, अशी ती गावं. ज्या गावाचं नाव यादीत, त्या गावाला रविवारपासून टँकर. ज्याचं नाव नाही, त्यानं जूनमधल्या पुढच्या यादीची वाट बघायची. आणि आत्ता तर एप्रिलही सरला नव्हता.

त्या सत्तेचाळिसांत उदगीरकडचं चिंचाळवाडी होतं. ते शिवकांताचं माहेर. तिची आई मल्लम्मा, वय बासष्ट, पहाटे उठून दीड मैलावरच्या शेतातल्या विहिरीवर जात होती आणि दोन घागरींसाठी तीन तास बसत होती. गेल्या महिन्यात शिवकांता गावी गेली, तर लिंगपूजेला आईनं वाटीभर पाणी घेतलं आणि पूजा झाल्यावर तेच पाणी तुळशीला घातलं. "अव्वा, लातूरला चल माझ्याकडं," असं शिवकांतानं म्हणून पाहिलं. म्हातारी म्हणाली, "शेजारणीचं पाणी कोन भरंल मग? तिला तर उठायबी येईना."

म्हणून हा कागद शिवकांताला नुसता कागद नव्हता. आणि म्हणूनच तिचं डोकं तापलं होतं.

भानगड अशी होती. मसुदा आधी जायचा देविदास साहेबांकडे. हे नांदेडचे, वयानं तरुण, संख्याशास्त्र शिकून आलेले. त्यांच्याकडून तो जायचा गुरुपादप्पा साहेबांकडे. हे शाखेचे प्रमुख. सरकारी नोकरीत येण्याआधी त्यांनी अकरा वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं. हायस्कूल सुटलं, पण खिशातली लाल-निळी पेन्सिल काही सुटली नाही. लाल टोक चुकीला, निळं टोक सूचनेला.

यादीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक वाक्य होतं. खालील डेटा तपासलेला आहे, अशा अर्थाचं. देविदास साहेबांनी त्यात 'डेटा इज' लिहिलं. गुरुपादप्पा साहेबांनी लाल टोकानं इज खोडलं, आर लिहिलं आणि समासात शेरा मारला: 'डेटम एकवचन, डेटा अनेकवचन. लॅटिन.' आता वरिष्ठांनी दुरुस्ती केली की मसुदा पुन्हा योग्य मार्गानं यायला हवा, म्हणजे परत देविदास साहेबांच्या टेबलावरून. ते बघायचे आणि ओठ आवळायचे.

"शिवकांताबाई, डेटा म्हणजे काय? माहिती. माहिती येते. माहित्या येतात का कधी? आता जगात सगळीकडं डेटा इजच चाललंय. इज करा."

"साहेबांनी आर केलंय."

"त्यांना लॅटिन येतं, मला डेटा येतो. इज करा."

पुढच्याच वाक्यात क्रायटेरिया होतं. टँकरचे निकष पूर्ण होतात, असं ते वाक्य. तिथंही देविदास साहेबांचं इज आणि गुरुपादप्पा साहेबांचं आर, समासात तोच लॅटिनचा शेरा. शेवटी बैठकीचा अजेंडा सोबत जोडला आहे, हे वाक्य. तिथं मोठ्या साहेबांनी 'अजेंडा आर' करून ठेवलं, कारण लॅटिनमध्ये अजेंडमचं अनेकवचन अजेंडा. देविदास साहेब ते वाचून इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

दोघांना हसायला आणि खोडायला काय जातंय. इंग्रजीत इजची अक्षरं दोन, आरची तीन. टाइपरायटरवर दोनाच्या जागेत तीन बसत नाहीत. ओळ सरकते, ओळ सरकली की तक्ता सरकतो, आणि तक्ता सरकला की पान पहिल्यापासून. सत्तेचाळीस गावं, प्रत्येकाची लोकसंख्या, विहिरींची संख्या, जवळच्या पाण्याचं अंतर. बोटांच्या पेरांना घट्टे पडले होते, आणि पाणी कुठं आहे कुठं नाही याविषयी तीन दिवसांत दोघांपैकी एकानंही एक शब्द विचारला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी शिवकांतानं कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि उभ्या-उभ्याच बघितलं. डेटा: मूळ अनेकवचन, शास्त्रीय लिखाणात तसंच चालतं, पण आता एकवचनीही रूढ. म्हणजे दोघंही बरोबर. क्रायटेरिया: क्रायटेरियनचं अनेकवचन, मूळ ग्रीक. म्हणजे इथं मोठे साहेब बरोबर, फक्त लॅटिनचा शेरा चूक. अजेंडा: रूपानं अनेकवचन, पण वापर एकवचनी. म्हणजे देविदास साहेब बरोबर. तिनं कोश मिटला. तीन शब्द होते, तिन्हींची उत्तरं वेगळी होती, आणि पाच मिनिटांत मिळाली होती. पण ती उत्तरं टायपिस्टनं कुणाला सांगायची? सांगितलीच, तर कोण जिंकलं आणि कोण हरलं यावर आणखी दोन दिवस गेले असते.

शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारे मडिवाळप्पा मामा बसत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि कशाचंच काही वाटून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पानाचा डबा उघडत ते म्हणाले, "मराठीत करून टाका की. घोडा-घोडे, तसं डेटा-डेटे. अजेंडा-अजेंडे. हाय काय अन् न्हाई काय."

"मामा, माझा जीव चाललाय इथं."

"म्हणून तर सांगून राहिलो. तुमचं लई शुद्ध असतंय, हाच घोटाळा हाय. मोठे साहेब एक तरी लाल रेघ मारल्याबिगर सही करत न्हाईत. अकरा वर्सं वह्या तपासल्यात त्या माणसानं. कोरी वही बघितली की त्याला वाटतंय, आपलंच काय तरी बघायचं ऱ्हायलं. मग ते शोधत बसतंय. तुम्ही आपला एक दाणा टाकायचा. ढळढळीत चूक, वरच्याच ओळीत. साहेब टिपतंय, खूश होतंय, सही करतंय. तुमच्या आधीचा टायपिस्ट दर कागदात टाकायचा. तो किती सुखी होता बघा."

शिवकांताला ते ऐकूनच राग आला. उदगीरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ती परीक्षेला बसली, तेव्हा पूर्ण पानात एकही चूक नव्हती. परीक्षकानं पान उजेडाकडे धरून बघितलं होतं, खोडलंय का म्हणून. घरात इंग्रजी शिकलेली ती पहिली, आणि मिळवलेली म्हणावी अशी तिच्याकडे ती एकच गोष्ट होती. मुद्दाम चूक करायची? "मला न्हाई जमणार," ती म्हणाली आणि पान रोलरवर चढवलं.

बुधवारी देविदास साहेबांना कुठल्याशा बैठकीसाठी नांदेडला जावं लागलं आणि युद्ध आपोआप संपलं. डेटा आर, क्रायटेरिया आर, अजेंडासुद्धा आर. गुरुपादप्पा साहेबांनी तिन्ही क्रियापदांवर पेन्सिल टेकवून बघितली आणि सही केली. शिवकांतानं स्टेन्सिल कापलं. मामांनी सायक्लोस्टाइल मशीनचं हँडल फिरवलं. पन्नास प्रती निघाल्या. हात शाईनं काळे झाले होते. ते धुवायला जेमतेम तांब्याभर पाणी होतं, पण तिला त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं.

गुरुवारी सकाळी साडेनवालाच चंद्रप्पा काका दारात उभे होते. हे चिंचाळवाडीचे सरपंच. पहिल्या एस.टी.नं आलेले, धोतरावर रस्त्याची धूळ, हातात कापडी पिशवी. पिशवीत मल्लम्मानं लेकीसाठी दिलेल्या शेंगदाण्याच्या चार पोळ्या होत्या.

"झालं का पोरी आपल्या गावाचं?"

"झालं काका. बसा." तिनं अभिमानानं प्रत पुढं केली. काकांना इंग्रजी येत नव्हतं. "आपलं नाव कोन्तं, बोट लावून दाव. गावात सांगतो, म्या डोळ्यानं बघितलं म्हनून."

शिवकांतानं बोट लावलं. एकतिसावं चिंचाळ, ते वेगळं गाव. बत्तिसावं... बत्तिसावं दुसरंच कुठलं तरी. तिनं पान उलटलं, पुन्हा पालथं केलं. शेवटच्या गावाचा नंबर शेहेचाळीस होता. निवेदनात सत्तेचाळीस लिहिलं होतं आणि यादीत शेहेचाळीस गावं होती.

ड्रॉवरमधले जुने मसुदे तिनं काढले. पहिल्यात होतं, दुसऱ्यात होतं, तिसऱ्यात होतं. चौथ्यात नव्हतं. इंग्रजीत दोन्ही नावांची सुरुवात अक्षर न् अक्षर सारखी. चिंचाळ टाइप करून नजर परत मसुद्यावर गेली ती चिंचाळवाडीच्या पुढं पडली. नंबर तर बोटंच टाकत होती, डोक्याला न विचारता. त्यानंतर तो कागद दोन टेबलांवरून फिरून आला होता. दोन शिकलेल्या माणसांनी तो तपासला होता. दोघांनी क्रियापदं मोजली, गावं कुणीच मोजली नाहीत.

पण चूक त्यांची नव्हती, आणि तिला सगळ्यात जास्त जाळलं ते यानंच. चूक तिच्या बोटांची होती. आयुष्यात केलेली पहिली चूक, आणि ती नेमकी आईच्या पाण्यावर. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"काय झालं गं?" काका म्हणाले.

"काका, नाव राहून गेलंय. माझ्याकडनंच. तुम्ही हितंच बसा, दोन तास. मी करते."

चंद्रप्पा काकांनी पोळ्यांची पिशवी तिच्या टेबलावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पथक साडेबाराला निघायचं होतं. यादीच्या प्रती जीपमध्ये चढायच्या आणि त्यातलीच एक बाराला टँकर नेमणाऱ्या साहेबांच्या टेबलावर पोचायची. शिवकांता गुरुपादप्पा साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि काही न लपवता सांगितलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी मान डोलावली. "होतं असं. शुद्धिपत्रक काढा. मी सही करतो."

दहा मिनिटांत तिनं केलं. वर कॉरिजेंडम, खाली एक ओळ: अनुक्रमांक एकतीसनंतर चिंचाळवाडी वाचावे, लोकसंख्या एवढी, अंतर एवढं. स्वच्छ, नेटकं पान. साहेबांनी ते घेतलं आणि पेन्सिलीचं लाल टोक त्यावरून फिरवायला लागले. वरून खाली. खालून वर. घड्याळात सव्वादहा झाले होते.

"कॉरिजेंडम," साहेब म्हणाले. "एकवचन. एक चूक असेल तर कॉरिजेंडम, अनेक असतील तर कॉरिजेंडा. बरोबर आहे. पण शिवकांताबाई, एक सुटलंय तर आणखी सुटलं नसेल कशावरून? दुसरं निघालं तर हे शीर्षकच चुकीचं ठरेल. दिल्लीच्या लोकांपुढं शोभेल का ते? असं करा, सगळ्या यादीचे आकडे मूळ तहसील अहवालांशी ताडून बघा, मग शीर्षक ठरवू."

"साहेब, सत्तेचाळीस अहवाल आहेत. दिवस जाईल."

"घाईत कामं बिघडतात, आत्ताच बघितलं ना आपण?" साहेब मायेनं म्हणाले आणि पान परत दिलं. त्यावर एकही रेघ नव्हती, आणि सहीही नव्हती.

ती जागेवर आली. मामा पान चघळत बघत होते. त्यांनी चिमटीनं दाणा जमिनीवर टाकल्यासारखं केलं. दाराशी चंद्रप्पा काकांनी डोळे मिटले होते. शिवकांतानं यादीची पानं घेतली आणि पहिल्या तीन मसुद्यांशी गावं ओळीनं ताडली, दोनदा. एवढंच एक राहिलं होतं, दुसरं काही नाही. याची तिला खात्री झाली तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

मग तिनं नवं पान चढवलं. कॉरिजेंडमची सी मारली, ओ मारला, आणि शेवटाला आली तेव्हा बोटं अडली. खरंच अडली, ती चूक त्यांना येतच नव्हती. तिनं दात आवळून ए मारला. एका चुकीला कॉरिजेंडा. खालच्या ओळीत डेटा इज.

साहेबांनी पान हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, हे काय? सगळे आकडे बघितले?"

"नावं सगळी ताडली साहेब. एकच सुटलंय."

"एकच ना? मग कॉरिजेंडा कसं? आत्ताच सांगितलं ना मी तुम्हाला?" लाल टोक सर्रकन फिरलं. "आणि हे बघा, डेटा इज. तीन दिवस आपण काय केलं मग? बसा, बसा जरा. डेटम, डेटा. कॉरिजेंडम, कॉरिजेंडा. मेमोरँडम, मेमोरँडा. एकदा मनात बसलं की आयुष्यात चुकायचं नाही."

पाच मिनिटं ते शिकवत राहिले. शिवकांता मान खाली घालून हो साहेब, हो साहेब म्हणत राहिली. तिला इतकी लाज वाटत होती की कानशिलं भाजत होती. शिकवून झाल्यावर साहेबांनी दोन्ही लाल रेघांखाली आनंदानं सही ठोकली. "दुरुस्त करून काढा प्रती."

बरोबर स्टेन्सिल तिनं आधीच कापून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. पावणेबाराला पन्नास प्रती प्रत्येक यादीला टाचलेल्या होत्या. बाराला दहा मिनिटं असताना मामा स्वतः सायकल मारत टँकरवाल्या कचेरीत पोचले. जीप गेल्यावर शिवकांतानं पिशवीतली एक पोळी काढून चंद्रप्पा काकांना दिली आणि एक स्वतः खाल्ली. दिल्लीच्या पथकातल्या कुणीही डेटाचं क्रियापद बघितलं नाही. त्यांच्या हातातल्या प्रती वाऱ्यासाठीच हलत होत्या, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं.

रविवारी टँकर चिंचाळवाडीत आला. शिवकांता मुद्दाम गेली होती. मल्लम्मानं आधी शेजारणीच्या घागरी भरल्या, मग स्वतःच्या, मग पदराखालचं गळ्यातलं इष्टलिंग दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. लेकीला म्हणाली, "तू टायपिंग केलंस म्हने आमचं." शिवकांता नुसतं हाव म्हणाली.

ऑगस्टमध्ये तिच्या हाती एक बंद लिफाफा आला. स्टेनोच्या जागेसाठी तिचं नाव पाठवायचं होतं, म्हणून साहेबांनी तिच्याविषयी खास अभिप्राय लिहिला होता. टायपिंगचा वेग उत्तम. वागणूक चांगली. मात्र इंग्रजी एकवचन-अनेकवचनाचं ज्ञान कच्चं, स्वतंत्र इंग्रजी काम तूर्त सोपवू नये. शेऱ्यावर काही म्हणणं असल्यास महिन्याच्या आत, योग्य मार्गानं, साहेबांच्याच सहीनं वर पाठवावं.

तिनं म्हणणं लिहिलं. इंग्रजीत, एक पान. दाण्याचा उल्लेख केला नाही, तो केला असता तर मामा अडकले असते आणि साहेबांची शोभा झाली असती. फक्त आपली परीक्षा, आपले गुण आणि आजवरचं काम लिहिलं. डेटा, क्रायटेरिया, अजेंडा, तिन्ही शब्द वापरले आणि तिन्हींना कोशात होतं तसं क्रियापद लावलं. साहेबांनी पान घेतलं, पेन्सिल काढली. वरून खाली गेले, खालून वर आले. 'अजेंडा इज'वर टोक थांबलं. त्यांनी कोश मागवला, बघितला आणि मिटून ठेवला.

"ठेवा," शेवटी म्हणाले. "उद्या निवांत बघतो."

उद्याचा परवा झाला आणि पंचवीस दिवस गेले. पान साहेबांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होतं, आणि रोज चहा नेणाऱ्या मामांना ते दिसत होतं.

"बाई, पाच दिवस उरलेत," मामा हळूच म्हणाले. "नवं पान चढवा. एक दाणा टाका, लगेच सही हुतीय. टाकलाय की एकदा."

शिवकांतानं टाइपरायटरवरची धूळ फडक्यानं पुसली.

"तो गावासाठी टाकला मामा. माझ्यासाठी न्हाई टाकणार."

मग तिनं रोलरवर दुसऱ्या कामाचं पान चढवलं आणि टाइप करायला लागली. आतल्या टेबलावर साहेब तिचं पान पुन्हा एकदा उजेडाकडे धरून बघत होते.